परसातली कडब्याची गंज, सरपण आणि गोवऱ्यांचा हुडवा: आठ दिवसांत काय करता येईल?

भीमाकाठ (३ मे, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. आमचं गाव मंगळवेढा तालुक्यात. घरी आई आणि आप्पा दोघंच असतात, मी नोकरीसाठी पुण्यात. दोन म्हशी, एक गाय. गॅस आहे, पण भाकरीला आणि अंघोळीच्या पाण्याला आईला चूलच लागते.

मागच्या आठवड्यात गावी होते. पहाटे आई गोवऱ्या आणायला परसात गेली, मी तिच्या मागोमाग. शेणानं लिंपलेल्या हुडव्याला खालच्या अंगाला एक भोक पाडलंय, त्यातून रोज लागतील तेवढ्या गोवऱ्या ओढायच्या. आईनं कोपरापर्यंत हात आत घातला आणि गोवरीबरोबर सापाची कात बाहेर आली. दोन-अडीच फुटांची, डोक्याकडून फाटलेली. आई म्हणाली, "धामणीची असंल, ती काय करतीया," आणि परत त्याच भोकात हात घातला. तो हात माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

परसात घराची मागची भिंत दगडमातीची. तिला टेकून कडब्याची गंज, साधारण बाराशे पेंढ्यांची. गंजीला लागून बाभळीचं सरपण आणि तुराट्या, त्यापुढं हुडवा. हुडव्याच्या शेजारीच मोरीचं भोक, तिथून पाणी सांडून कायम ओल. भिंतीच्या बुडाला उंदरांची बिळं दिसतात. आप्पा म्हणतात गंज हलवायची नाही. भिंतीच्या आडोशानं पाऊस कमी लागतो, गोठा जवळ पडतो, आणि मोकाट जनावरं कडबा ओढत नाहीत. त्यांचं म्हणणं खोटं नाही.

१० तारखेपासून आठ दिवस सुट्टी आहे. एवढ्यात खरोखर उपयोगाचं काय करता येईल?

मुरमाड (३ मे, रात्री १०.१५)

सोपं आहे. उंदीर आहेत म्हणून साप आहे. झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या करून बिळांत टाका, आठवड्यात उंदीर संपतील, साप आपोआप जाईल. गंज हलवायची गरज नाही. आमच्या शेतात दरवर्षी करतो.

पाचुंदा (४ मे, सकाळी ७.०५)

मुरमाड, शेतातल्या बांधावर ठीक आहे. इथं शेजारी गोठा आहे. विष खाल्लेला उंदीर मरायला गंजीतच जातो. कडब्याच्या पेंढीत मेलेला उंदीर निघाला तर ती पेंढी म्हशीपुढं टाकणार का? कुत्रं, मांजर, कोंबडी यांच्यातलं कुणी तो उंदीर खाल्ला तर तेही जायचं. आणि उंदरांचं घर तसंच राहिलं तर शेजारचे उंदीर महिन्याभरात येऊन बसतात. उंदरीण २१-२२ दिवसांत विते हो.

रानवाटकरी (४ मे, सकाळी ८.३०)

मी सांगोला भागात साप पकडून सोडण्याचं काम बरीच वर्षं करतोय. परसातल्या गंजीतून काढलेल्या सापांचा हिशोब मनाशी मांडला तर एक गोष्ट सारखी दिसते. वरच्या कडब्यात साप क्वचितच सापडतो. तो सापडतो अगदी तळाला, भिंतीकडच्या अंगाला. जिथं वर्षानुवर्षं कुणाचा हात लागलेला नसतो तिथं.

आपण गंज वरून खात येतो. तळ राहतो. नवी सुगी झाली की त्याच तळावर नवा कडबा रचतो. उंदराला तिथं ऊब, अंधार आणि खुडताना राहून गेलेली कणसं मिळतात. तो खाली माती उकरून बीळ करतो, त्या बिळात मग घोणस नाहीतर नाग येतो. गंज मोठी आहे का लहान, याला माझ्या लेखी फारसं महत्त्व नाही. तळ कधी मोडला होता, हे महत्त्वाचं.

ताई, आप्पांना एवढंच विचारा: सगळ्यात खालची पेंढी कोणत्या सालची आहे?

भीमाकाठ (४ मे, रात्री ८.५०)

विचारलं. आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "छावणीनंतरची."

२०१९ च्या दुष्काळात आमची जनावरं चारा छावणीत होती. आप्पा तिथंच जनावरांपाशी राहायचे, कडब्याची एक पेंढी घरात नव्हती. त्यानंतर त्यांनी ठरवलं की गंजीचा तळ कधी उघडा पडू द्यायचा नाही. तीन-चारशे पेंढ्या कायम शिल्लक. म्हणजे तो तळ आळसानं राहिलेला नाही, जपून ठेवलेला आहे. आता त्यांना हलवा म्हणायला माझीच जीभ रेटत नाही.

पाचुंदा (४ मे, रात्री ९.३०)

आप्पांचं अगदी बरोबर आहे. ज्यानं छावणी बघितली तो शिल्लक ठेवणारच. पण ताई, तळाची एक पेंढी ओढून काढा आणि त्यांच्या हातात द्या. इतक्या वर्षांचा, जमिनीला टेकलेला कडबा काळा पडलेला असतो, कुबट वास येतो, पानाचा भुगा होतो, बुरशी धरते. म्हैस तोंड लावत नाही, आणि लावलं तर तिला बाधायची भीती. दुष्काळात हा कडबा कामाला येणारच नाही. शिल्लक चारशे आहे असं त्यांना वाटतंय, प्रत्यक्षात ती शून्य आहे.

आम्ही दोन गंजी करतो. यंदाची एक, गेल्या सालची एक. आधी गेल्या सालची खायची, ती पार जमिनीपर्यंत संपवायची, जागा झाडून दोन महिने उन्हात तापू द्यायची. पुढच्या सुगीला नवी गंज तिथं. शिल्लक कायम असते, पण ती दरवर्षी बदलते, आणि प्रत्येक जागेचा तळ दोन वर्षांत एकदा तरी उघडा पडतोच.

भीमाकाठ (४ मे, रात्री ९.४५)

पाचुंदा दादा, हे मी आप्पांना अगदी ह्याच शब्दांत सांगते. त्यांना शिल्लक सोडायला लावायचं नाही, हे ऐकून हायसं वाटलं.

सोन्याचा_पिंपळ (५ मे, सकाळी ११.२०)

गंजीचा विमा उतरवता येतो का? आमच्या भावकीत गेल्या साली विजेच्या तारेची ठिणगी पडून गंज जळाली. मला वाटलं धागा त्याबद्दल आहे.

पाचुंदा (५ मे, दुपारी १.००)

पिंपळदादा, विम्याचं वेगळं विचारा, इथं विषय सापाचा चाललाय. पण तुमच्यामुळं एक आठवलं: नवी जागा ठरवताना वरून तार जात नाही ना, तेवढं बघून घ्या.

सिस्टर_वॉर्ड३ (५ मे, रात्री ११.१०)

मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. ड्युटी संपवून लिहितेय.

सगळे सापाबद्दल बोलताय, पण गोवऱ्यांच्या हुडव्यातून आमच्याकडं येतो तो बहुतेक विंचू. पहाटेची वेळ, बाईमाणूस, उजव्या हाताचं बोट. केस ऐकायच्या आधीच मला कळतं की ही चूल पेटवायला उठलेली. लाल विंचवाचे पुढचे चिमटे बारीक दिसतात, पण तोच घातक. मोठी काळी इंगळी बघून लोक घाबरतात, तिचा डंख ठणकतो पण सहसा जिवावर बेतत नाही. लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, छातीत धडधड असं काहीही दिसलं तर मंत्र, कांदा, चुना काही न करता थेट दवाखाना. लहान मूल असेल तर लक्षणांची वाटही बघायची नाही. प्राझोसिनची गोळी वेळेत मिळाली तर माणूस बहुतेकदा वाचतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी हे उपचार दाखवून दिल्यापासून चित्र पुष्कळ बदललंय.

माझ्या सासूबाईंनाही दोन वर्षांपूर्वी अशाच गोवरीतून डंख झाला. त्या चार तास बोलल्याच नाहीत, सुनेची झोपमोड नको म्हणून. मी शेजारच्या खोलीत होते.

भीमाकाठ, बाकी काही झालं नाही तरी आईंचा हात भोकात जाणं आधी थांबवा. आम्ही आता हुडवा दिवसा, उन्हात, वरून उघडतो. आठ दिवसांच्या गोवऱ्या एकदम काढायच्या, एकेक गोवरी दगडावर आपटायची, उलटी करून बघायची आणि झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात भरून चुलीजवळ ठेवायची. पहाटे फक्त पिंपातून घ्यायची. गुळगुळीत प्लॅस्टिकवर विंचवाला चढता येत नाही. म्हणजे बाहेरचा आत जात नाही, आणि चुकून गोवरीबरोबर आलाच तर तळाशी दिसतो. आमच्याकडं तसा दोनदा दिसलाय. पण म्हणून पिंपात न बघता हात घालायचा नाही.

हलगी (६ मे, सकाळी ९.००)

गंजीखाली दगडांचा थर द्या, हवा खेळती राहते, कडबा कुजत नाही. आमच्या आज्यापासून चालत आलंय. आणि भोवतीनं कार्बोलिक ॲसिड शिंपडा, साप फिरकत नाही.

रानवाटकरी (६ मे, दुपारी १२.४०)

हलगी, कडबा कुजत नाही हे खरं. पण गोट्यांच्या थरात विंचवाला जसं हवं तसं घर तयार मिळतं. सपाट, अरुंद, अंधारी फट. उचललेल्या दगडांत एखाद्याखाली तरी तो चिकटलेला असतो, तुम्हीही बघितलं असेल. हवा हवीच, पण ती अशी हवी की खाली वाकून पलीकडचा उजेड दिसेल. मधे काही भरलेलं नको.

कार्बोलिकचं म्हणाल तर बाटली फोडलेल्या परसातून दुसऱ्या दिवशी नाग काढलाय मी. वास दोन दिवसांत उडतो. कातडी भाजते ती मात्र माणसाची, नाहीतर वासराची.

हलगी (६ मे, दुपारी २.१५)

कार्बोलिकचं मान्य. पण दगडाशिवाय गंज जमिनीवर कशी ठेवायची? सगळ्यांकडं लोखंडी मांडव करायला पैसे नसतात.

पाचुंदा (६ मे, रात्री ८.२०)

लोखंड लागत नाही. आम्ही केलेलं सांगतो. विटांचे सहा खांब, दीड फूट उंच, दोन रांगांत तीन-तीन. दोन रांगांत चार फूट अंतर, एका रांगेतल्या खांबांत पाच-पाच फूट. म्हणजे माची दहा फूट लांब, चार फूट रुंद. खांबांना बाहेरून सिमेंटचा गिलावा, गुळगुळीत, फट राहता कामा नये. लांबीच्या बाजूनं दोन जाड वासे, आमचे जुन्या धाब्याच्या घराचे निघाले होते, आणि त्यावर आडवे बांबू वीतभर अंतरानं. खाली जमीन चोपून फरशीचे तुकडे बसवले, सांधे भरून घेतले. आमच्या भागात शहाबादी फरशीचे तुकडे कुणाच्याही घरामागं पडलेले असतात.

दीड फूट का, तर खराटा आत फिरतो आणि वाकून उजेड दिसतो. एवढ्यानं उंदीर वर चढायचा थांबत नाही, हे आधीच सांगतो. उंदीर चढतो, उडीही मारतो. पण खाली त्याला बीळ करता येत नाही, आणि बिळाशिवाय तो तिथं सहसा संसार थाटत नाही. रात्री कणसाला येतो आणि जातो.

एवढ्या माचीवर बाराशे पेंढ्या बसणार नाहीत. आमचं सरपण आणि गोवऱ्या माचीवर असतात, कारण त्यांना रोज हात लागतो. कडबा लांब, बांधाकडं, खाली वेड्या बाभळीचे सोललेले ओंडके टाकून. साल काढूनच टाका, सैल सालीखाली विंचू बसतो.

गावठाण (७ मे, सकाळी ६.५०)

लांब, बांधाकडं असं सगळे सहज लिहिताय. आमचं घर गावठाणात आहे, मागं नऊ फूट बोळ, पलीकडं चुलत्यांची भिंत. लांब कुठं न्यायचं? शेत चार किलोमीटर. रोज वैरण वाहून आणायची का?

रानवाटकरी (७ मे, सकाळी १०.०५)

तुमची अडचण खरी आहे. लांब नेता येत नसेल तर भिंतीपासून निदान दोन फूट सुटं ठेवा, माणूस आडवा होऊन जाईल एवढं. गंज भिंतीला टेकली की भिंत आणि कडबा यांमधली पट्टी कधीच दिसत नाही. साप, उंदीर तिथूनच ये-जा करतात आणि भिंतीच्या भेगेतून घरात येतात. दोन फूट सुटले की तिथं ऊन पडतं, खराटा फिरतो, बीळ पडलं तर त्याच दिवशी दिसतं. नऊ फुटांत हे बसतं, गंज बारीक करावी लागेल एवढंच. कडबाकुट्टी करून पोत्यांत भरली तर जागा अजून कमी लागते, पण पोती माचीवर, आणि कणीस राहिलेलं नको, नाहीतर उंदीर पोती फाडतो.

गावठाण (७ मे, सकाळी १०.३०)

दोन फूट सोडले तर पावसाचं पाणी मधे तुंबतं. भिंत मातीची आहे. करून बघतो, पण माझं समाधान झालेलं नाही.

भीमाकाठ (८ मे, रात्री ९.१५)

आप्पा तयार झाले! आईनं तळाची पेंढी ओढून त्यांना दाखवली. त्यांनी पेंढी मोडून वास घेतला आणि म्हणाले, "हिला गुरं धरायची नाहीत. काढू."

आता मोडायची कशी ते सांगा. दोन गडी मिळतील. भीती एवढीच की आतलं सगळं घरात शिरेल.

रानवाटकरी (८ मे, रात्री १०.३०)

भीती बरोबर आहे. गंज मोडायच्या आधी घर बंद करा. पहिले दोन दिवस तेवढंच काम. मोरीच्या भोकाला पाव इंची जाळी बसवा. दाराखाली बोट शिरत असेल तर पट्टी मारा. भिंतीतली भोकं सिमेंटमध्ये काचेचे तुकडे कालवून बुजवा. त्याच दोन रात्री बिळांपाशी पिंजरे लावा, खोबऱ्याचा तुकडा भाजून.

पहिल्या संध्याकाळी प्रत्येक बीळ ओल्या मातीनं लिंपून टाका. सकाळी जेवढी उघडी दिसतील तेवढीच चालू. बाकीची जुनी. हा आकडा लिहून ठेवा, पुढं उपयोग होईल.

मग गंज. सकाळी ऊन चांगलं पडल्यावर, पायात गमबूट, हातात लांब काठीचा आकडा. पेंढी हातानं उचलायची नाही, आकड्यानं ओढून खाली पाडायची, काठीनं झटकायची, मग हात. घराच्या दाराजवळच्या टोकापासून सुरुवात करा आणि बांधाच्या दिशेनं सरका. बांधाकडची बाजू पूर्ण मोकळी ठेवा, तिकडं माणूस, पोर, कुत्रं कुणी नको. आतल्या जिवाला पळायला एकच वाट दिसली पाहिजे. शेवटच्या दोन थरांना घाई करू नका. साप दिसला तर काम थांबवून मागं व्हा, नजर ठेवा आणि तुमच्या भागातल्या सर्पमित्राला किंवा वनविभागाला फोन लावा. नंबर आधीच काढून ठेवा. मारू नका. तसा तो गुन्हाही आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं. पण मुख्य म्हणजे बरेच लोक साप मारायला गेल्यावरच चावून घेतात.

सिस्टर_वॉर्ड३ (८ मे, रात्री ११.५०)

आणि १०८ कुठल्या रस्त्यानं येते, जवळ लस कुठं ठेवलेली असते, हेही आधी विचारून ठेवा. पट्टी आवळायची नाही, कापायचं नाही, चालवायचं नाही.

भीमाकाठ (१४ मे, रात्री ८.००)

काम आज संपलं. जसं झालं तसं लिहिते.

एकूण अकरा बिळं मोजली. माती लिंपल्यावर सकाळी सात उघडी. दोन रात्रींत पिंजऱ्यात नऊ उंदीर आले.

गंज मोडायला अडीच दिवस लागले. वरच्या सात-आठशे पेंढ्यांत दोन सरडे सोडून काही निघालं नाही. चौथ्या थराखाली वास बदलला, उंदराच्या मुताचा उग्र वास. तळाच्या थरात कडब्याची पानं कुरतडून मऊ केलेली दोन घरटी, एकात डोळे न उघडलेली पिल्लं. भिंतीला टेकलेला कडबा ओढला तर मातीचा गिलावा त्याच्याबरोबर सुटून आला. मागं हात जाईल एवढी फट, आणि फटीत बारीक हाडं आणि केस.

तिथून धामण निघाली, सहा फुटांच्या वर असेल. सरळ बांधाकडं गेली, आप्पांनी हात जोडले. हुडव्याच्या तळाला पाच लाल विंचू, त्यातल्या एकीच्या पाठीवर पांढरी पिल्लं. सिस्टर, आईनं ते बघितलं. त्यानंतर ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी स्वतःच पिंप घासून घेतलं.

तुराट्यांखाली मात्र एक बारीक साप होता, तपकिरी, अंगावर पांढरट पट्टे. गडी म्हणाले मण्यार. सर्पमित्र आले, बरणीत घेऊन बघितला आणि म्हणाले कवड्या, बिनविषारी. गड्यांना अजून पटलेलं नाही.

मुरमाड (१४ मे, रात्री ८.४०)

पट्टे म्हणजे मण्यारच. असल्या वेळी विषाची परीक्षा बघू नये.

रानवाटकरी (१४ मे, रात्री १०.००)

मुरमाड, हातात घेऊ नये हे बरोबर. पण कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडं पुसट होत जातात. मण्यारीचे उलट, मानेजवळ नसतात किंवा तुटक असतात आणि शेपटीकडं ठळक होतात, बहुतेकदा जोडीनं. तुमच्या सर्पमित्रानं बरणीत तेच बघितलं असणार. लांबून, अंधारात हा फरक कुणाला दिसत नाही. त्यामुळं रात्री असा साप दिसला तर मण्यारच समजून लांब व्हायचं.

एक आणखी. उंदीर गेले म्हणजे साप गेले असं सुरुवातीला कुणी म्हणालं होतं. धामण, घोणस यांच्या बाबतीत ते पुष्कळ खरं. मण्यार मात्र दुसरे साप आणि पालीही खाते. परसात कवड्या असेल तर तिला तेही पुरतं. म्हणून आई-आप्पा खाली झोपत असतील तर खाट आणि मच्छरदाणी, कडा गादीखाली खोचून. तिचा दंश दुखत नाही, खूण दिसत नाही. माणूस पहाटे पोटदुखीनं उठतो आणि पापण्या जड होतात.

ती पहिली कात अजून आहे का? पाठीच्या मधल्या ओळीतले खवले बघा. मण्यारीचे मोठे, सहाकोनी असतात, कातीवरही उमटतात.

भीमाकाठ (१४ मे, रात्री १०.४०)

आहे, वहीत ठेवलीय. मोबाईलच्या उजेडात धरून बघितली. मधली ओळ बाकीच्यांसारखीच वाटते. पण डोक्याकडचा आणि बराचसा मधला भाग फाटलाय.

रानवाटकरी (१४ मे, रात्री ११.०५)

मग मण्यार नसावी एवढंच म्हणतो. कोणाची ते फाटक्या कातीवरून ठामपणे सांगणार नाही.

हलगी (१५ मे, सकाळी ८.१०)

नवं कसं रचलंत? पावसाचं काय केलं?

भीमाकाठ (१५ मे, सकाळी १०.००)

सरपण आणि गोवऱ्या पाचुंदा दादांच्या मापानं माचीवर. गवंडी मिळेना, आप्पांनी आणि मी खांब रचले, एक थोडा वाकडा आहे. गोवऱ्या यावेळी लिंपल्या नाहीत, पुढची बाजू उघडी ठेवून वर पत्रा टाकला. तुराट्यांचे उभे भारे बांधले, आडवा ढीग नाही.

कडबा गोठ्यापलीकडं, घरापासून पंचवीस पावलांवर, दोन गंजींत. कुजलेल्या दोनशे सत्तर पेंढ्या खतात गेल्या. वरून ताडपत्री, पण कडा जमिनीपर्यंत सोडल्या नाहीत, फूटभर वर बांधल्यात. आप्पांनी खालपर्यंत सोडली होती, मी वर करायला लावली, कारण खालपर्यंत सोडली की आत परत अंधार. पावसाचे शिंतोडे खालच्या थराला लागणार, ते आम्ही धरून चाललोय. मोकाट जनावरांसाठी भोवती बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या, पण आप्पाच म्हणाले, हे पुन्हा तेच झालं. काढल्या. आता दोन तारा ओढल्यात.

पाचुंदा (१५ मे, दुपारी १२.३०)

आप्पांना नमस्कार सांगा. फांद्यांचं त्यांच्या लक्षात आलं, माझ्या आलं नसतं.

भीमाकाठ (२२ जून, रात्री ९.२०)

पहिले दोन मोठे पाऊस झाले. फोनवर रोज विचारते. आप्पा दर रविवारी बिळं लिंपून मोजतात आणि कॅलेंडरवर आकडा लिहितात. पहिल्या रविवारी एक, नंतर शून्यच, काल तीन. तिन्ही चुलत्यांच्या बाजूनं, त्यांची गंज आमच्या कुंपणाला टेकून आहे. चुलते, म्हणजे अण्णा, म्हणतात, "तुमचं हललं म्हणून आमच्याकडं उंदीर आले," आणि त्यात तथ्य आहे असं मला वाटतं. त्यांच्या घरात सून बाळंतीण आहे, खाली झोपते.

गंज आत्ता पावसात मोडायची का, का दसऱ्यापर्यंत थांबायचं?

रानवाटकरी (२२ जून, रात्री १०.१०)

भर पावसात मोडू नका. बिळांत पाणी शिरलंय, सगळे जीव कोरड्या जागेला येऊन बसलेत, ती कोरडी जागा म्हणजे त्यांची गंजच आहे. कडबाही भिजेल. पण घर बंद करायचं काम उद्याच करा: त्यांची मोरी, दारं, भिंतीतली भोकं. पिंजरे दोन्ही बाजूंनी. बाळंतिणीला खाट आणि मच्छरदाणी आजच्या आज.

भीमाकाठ (२२ जून, रात्री १०.२५)

खाट आमच्या माळ्यावर आहे. आप्पांना आत्ताच फोन करते.